लटकत्या पाइपचे ब्रेस, गच्चीवरचा चिलर आणि त्यांचे अँकर: बडोद्यातल्या एका हॉस्पिटलचा हिशेब

प्रश्न: सर, बडोद्यात वाघोडिया रोडला हॉस्पिटलचं काम चालू आहे, तळमजला अधिक सहा. सहाव्या मजल्यावर गच्चीच्या स्लॅबखाली १५० एनबीची चिल्ड वॉटर लाइन १२ एमएमच्या थ्रेडेड रॉडवर लटकवली आहे. रॉड १.२ मीटर लांब, दर ३ मीटरला हँगर, जोड ग्रूव्ह कपलिंगचे. वर गच्चीवर ४,००० किलोचा चिलर स्प्रिंगवर बसणार आहे. ड्रॉइंगवर फक्त ‘सिस्मिक ब्रेस १२ मीटरवर’ एवढंच लिहिलंय. ठेकेदार म्हणतो, बुलेट फास्टनर साइटवर पडलेत, तेच मारू. चालेल का? आणि आपण झोन तीनमध्ये, तर हे सगळं खरंच लागतं का?

उत्तर:

ब्रेससाठी, म्हणजे हादऱ्यात पाइपला आडवं धरणाऱ्या तिरप्या आधारासाठी, बुलेट फास्टनर मारू देऊ नका. १२ मीटरवरचा ब्रेसही तुमच्या या रॉडला झेपणार नाही, ६ मीटरवरचा झेपेल. दोन्ही गोष्टी आकड्यांनी दाखवतो, म्हणजे ठेकेदारासमोर तुम्हाला माझं नाव सांगावं लागणार नाही.

आधी झोनबद्दल. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत बडोदा झोन तीनमध्ये आहे आणि तिथे झोन फॅक्टर ०.१६ येतो. १९७० साली भरूचला भूकंप झाला, तो आपल्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. २६ जानेवारी २००१ चा केंद्रबिंदू कच्छात होता, तरी दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. बडोद्याखालीही नदीच्या गाळाची खोल माती आहे, ती दूरचा संथ हेलकावा वाढवून वर पाठवते. त्यात तुमची लाइन इमारतीच्या अगदी माथ्याला आहे. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसजवळच्या ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलचा सांगाडा नीट उभा राहिला. पण स्प्रिंकलर आणि चिल्ड वॉटरच्या लाइनी तुटल्या, पाणी मजल्यामजल्यांत शिरलं आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी जमिनीवर ०.९१ जी, तर गच्चीवर २.३१ जी इतकं त्वरण नोंदलं गेलं. आपल्याकडे एवढं अपेक्षित नाही, पण खालचा हादरा वर जाताना किती फुगतो ते यावरून कळतं.

आता बल. आयएस १८९३ चा पहिला भाग मुख्यतः सांगाड्यासाठी आहे, पाइपच्या ब्रेसचं अंतर तुम्हाला त्यात मिळणार नाही. म्हणून मी अमेरिकेच्या एएससीई ७ या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीचं सूत्र घेतो. २०२२ च्या आवृत्तीत ते बदललं आहे, त्यामुळे दोन्हींतले आकडे एकमेकांत मिसळू नका.

```
Fp = 0.4 · SDS · (ap · Ip / Rp) · (1 + 2z/h) · Wp
```

Fp म्हणजे वस्तूवर येणारं आडवं बल, Wp तिचं वजन, z ती जिथे बसली आहे ती उंची आणि h इमारतीची उंची. यातला 0.4 · SDS हा भाग म्हणजे जमिनीचं त्वरण. तिथे मी पूर्ण ०.१६ घालतो, अर्धा करत नाही. सांगाड्यासाठी आयएस झोन फॅक्टर अर्धा करतं, म्हणजे मोठ्यात मोठ्या भूकंपावरून डिझाइनच्या भूकंपावर येतं, आणि त्याहून मोठा हादरा आला तर सांगाडा वाकून, थोडा भेगाळून ऊर्जा पचवतो. काँक्रीटमधला अँकर काही पचवत नाही, तो धरतो नाहीतर सुटतो. गाळाच्या मातीचाही थोडा विचार त्यात आपोआप होतो. लाइन माथ्याला असल्यामुळे (1 + 2z/h) म्हणजे ३. हॉस्पिटल असल्यामुळे महत्त्वाचा गुणक Ip १.५. वस्तू स्वतः हेलकावून बल किती वाढवते तो गुणक ap, पाइपसाठी २.५. वस्तू न तुटता किती ऊर्जा पचवते तो गुणक Rp मात्र जोडावर ठरतो: वेल्डिंगच्या लाइनला ९, थ्रेडच्या किंवा ग्रूव्हच्या जोडाला ४.५. तुमची लाइन ग्रूव्हची आहे, म्हणून उत्तर येतं वजनाच्या ०.४० पट. तीच लाइन वेल्ड केलेली असती तर ०.२० पट आलं असतं. वेळ वाचावा म्हणून मधेच वेल्डिंग सोडून ग्रूव्ह कपलिंग आणली जाते तेव्हा ब्रेसवरचं बल दुप्पट होतं, हे डिझाइन करणाऱ्याला कुणी कळवतच नाही. तुमच्याकडेही मूळ ड्रॉइंग वेल्डिंग धरून काढलं होतं का, ते विचारून घ्या.

वजन बघू. १५० एनबी हेवी पाइप मीटरला साधारण २१ किलो, आतलं पाणी १९ किलो, इन्सुलेशन आणि क्लॅडिंग ४ किलो. व्हॉल्व्ह, फ्लँज यांसाठी पंधरा टक्के वाढवले की मीटरला ५० किलो, म्हणजे जवळपास ०.४९ किलोन्यूटन. ब्रेस १२ मीटरवर असेल तर एका ब्रेसकडे ५.९ किलोन्यूटन वजनाचा पाइप येतो आणि आडवं बल २.४ किलोन्यूटन होतं. हा आकडा बघून ‘एवढंसं तर आहे’ असं वाटतं. पाइपलाही त्याचं काही वाटत नाही: १२ मीटरच्या गाळ्यात आडव्या वाकण्याचा ताण ३० मेगापास्कलच्या आतच राहतो. खरी अडचण पाइपच्या वर, रॉडमध्ये आणि अँकरमध्ये आहे.

ब्रेस ४५ अंशात स्लॅबला जातो. पाइप ब्रेसपासून दूर ढकलला गेला की ब्रेस ताणला जातो, आणि तो तिरपा असल्यामुळे पाइपला आडवं धरतानाच वरही उचलतो. ४५ अंशात हा उचल तेवढाच, २.४ किलोन्यूटन. त्या हँगरवर ३ मीटर पाइपचं वजन आहे, १.५ किलोन्यूटन. त्यातलं नव्वद टक्केच भरवशाचं धरायचं, म्हणजे १.३५. उरलेला सुमारे १.०५ किलोन्यूटन रॉडला खालून वर दाबतो. जो रॉड आयुष्यभर ताणासाठी लावला, त्यावर आता दाब आला. एम-१२ रॉडचा थ्रेडच्या मुळातला व्यास जेमतेम १० एमएम. लांबी १.२ मीटर आणि दोन्ही टोकं मोकळी धरली तर ऑयलरच्या सूत्राने तो सुमारे ०.६५ किलोन्यूटनला वाकतो. म्हणजे हादऱ्याच्या पहिल्या एकदोन झोक्यांतच रॉड धनुष्यासारखा वाकणार, पाइप वर उडणार, आणि परतीच्या झोक्यात तो वाकलेल्या रॉडवर आदळणार. पुष्कळदा तुटणं इथून सुरू होतं, आणि नंतर तपासणीत दोष मात्र ‘निकृष्ट रॉड’वर जातो.

यावर दोन उपाय आहेत. एक, ब्रेसच्या ठिकाणच्या रॉडला ४० × ४० × ५ चा अँगल क्लिपांनी बांधून ताठ करायचा. क्लिपा नुसत्या वर आणि खाली नकोत, मधेही हव्यात, नाहीतर रॉड अँगलच्या कुशीत मोकळाच वाकतो. दुसरा उपाय, ब्रेस ६ मीटरवर घ्यायचा. मग आडवं बल १.२ किलोन्यूटन, उचलही १.२, आणि वरचं भरवशाचं वजन १.३५. रॉडवर दाब येतच नाही. तुमच्या लाइनसाठी मी दुसरा उपाय घेईन. ब्रेसची संख्या वाढते, पण अँगल बांधण्याचं किचकट काम वाचतं, आणि पुढे बघाल तसा अँकरही पास होतो. रॉड ६०० एमएमचे असते तर १२ मीटरवर मी इतका अडलो नसतो, कारण लांबी अर्धी झाली की वाकण्याची ताकद चौपट होते.

तर मग १२ मीटर हा आकडा येतो कुठून? एनएफपीए १३ या अमेरिकेच्या स्प्रिंकलर कोडमध्ये स्प्रिंकलर पाइपच्या आडव्या ब्रेसची कमाल मर्यादा ४० फूट आहे, म्हणजे १२.२ मीटर, आणि लांबीच्या दिशेच्या ब्रेसची ८० फूट. तिथूनच तो सगळ्यांच्या ड्रॉइंगवर उतरतो. तिथे हा आकडा ‘याहून जास्त नको’ म्हणून दिला आहे, आणि त्यातही लाइनच्या टोकाचा आडवा ब्रेस शेवटच्या १.८ मीटरच्या आत मागितला आहे. ही टोकाची अट ड्रॉइंगवर उतरताना गळते. टोकाशी व्हॉल्व्हचा गुच्छा लटकत असतो आणि तोच सगळ्यात जास्त झोके घेतो.

ब्रेस ताठ अँगलचा की केबलचा, हेही ठरवून टाका. केबल फक्त ओढते, म्हणून दोन्ही बाजूंना जोडीने लागते. ताठ ब्रेस एकाच बाजूला चालतो, पण तो दाबात आला की पाइपला खाली ढकलतो. अशा वेळी त्या हँगरच्या रॉडवर आणि रॉडच्या अँकरवर वजनाखेरीज तेवढाच ताण वाढतो, म्हणून तो अँकरही त्या बेरजेसाठी तपासायचा. एकाच सरळ लाइनवर एक ब्रेस केबलचा आणि पुढचा अँगलचा असं करू नका. केबल ढील घेते, अँगल घेत नाही, म्हणून सगळं बल अँगलवाल्या ब्रेसवर जाऊन पडतं.

लांबीच्या दिशेचा ब्रेस थोडक्यात. उन्हाळ्यात ४० अंशांत बसवलेली लाइन चालू झाल्यावर ७ अंशांवर येते आणि २४ मीटरमागे साडेनऊ मिलिमीटर आकसते. म्हणून एका सरळ तुकड्यावर असा ब्रेस एकच, साधारण मध्यावर द्यायचा. दोन दिलेत तर लाइन स्वतःच्या आकसण्यानेच ते उखडेल. इमारतीच्या एक्स्पान्शन जॉइंटवर फ्लेक्सिबल होज टाका. पाइप जॉइंटच्या एका बाजूला आणि ब्रेस दुसऱ्या बाजूच्या स्लॅबला, असं कधीही करू नका.

आता अँकर. बुलेट फास्टनर, म्हणजे ठोकून आत फुगवायचा ड्रॉप-इन, स्थिर वजन लटकवायला ठीक आहे. भूकंपात स्लॅबला भेगा पडतात, आणि भेग हमखास अँकरच्या भोकातूनच जाते, कारण भोक हाच तिथला कच्चा भाग असतो. भेग उघडते, मिटते, पुन्हा उघडते. नेहमीच्या ड्रॉप-इनला नंतर आणखी फुगायला जागाच नसते, त्यामुळे भोक अर्धा मिलिमीटर मोठं झालं तरी त्याची पकड जाते. म्हणून भेगाळलेल्या काँक्रीटसाठी आणि भूकंपी झोक्यांसाठी तपासलेलाच अँकर हवा. अमेरिकेच्या एसीआय ३५५.२ प्रमाणे पास झालेला, किंवा युरोपीय मान्यतापत्रात सी-१ अथवा सी-२ वर्ग लिहिलेला. हॉस्पिटलला मी सी-२ मागतो. टॉर्कने फुगणारा स्टड अँकर यात मिळतो. भेग उघडली की त्याचा कोन थोडा खाली सरकतो आणि पुन्हा पकडतो.

तुमच्या स्लॅबसाठी आकडे मांडतो. एम-२५ काँक्रीट, अँकर एम-१०, काँक्रीटमधली खोली ६० एमएम. इथे एक चूक वारंवार होते: आपला एम-२५ क्यूबचा असतो आणि एसीआयचं सूत्र सिलिंडरची ताकद मागतं, म्हणून २० घालायचे. भेगाळलेल्या काँक्रीटमध्ये शंकू निघून येण्याची ताकद पावणेपंधरा किलोन्यूटन येते. ०.६५ चा गुणक आणि भूकंपाचा ०.७५ लावला की हातात ७.२ उरतात. मागच्या बाजूने काँक्रीट उचकटण्याची शिअरची ताकद १०.३ येते.

१२ मीटरच्या ब्रेसवर अँकरला २.४ ताण आणि २.४ शिअर येतो. काँक्रीटमधल्या अँकरसाठी दोन्ही दुप्पट करायचे, म्हणजे ४.८ आणि ४.८. त्यात एल आकाराचा ब्रॅकेट आपल्या टाचेवर फिरतो आणि बोल्टला सरळ हिशेबापेक्षा जास्त ओढतो. तुमच्यासारख्या ब्रॅकेटसाठी मी दीडपट धरतो, म्हणजे ताण ७.२. ताणाचं गुणोत्तर १.०, शिअरचं ०.४७, बेरीज १.४७, आणि मर्यादा १.२. अँकर नापास. ६ मीटरवर हीच बेरीज सुमारे ०.७३ येते. म्हणजे त्याच अँकरने, त्याच भोकात, फक्त ब्रेसचं अंतर निम्मं केल्याने काम होतं. बोल्टच्या स्टीलचा शिअर आणि अँकर सरकून बाहेर येण्याची ताकद मात्र कंपनीच्या रिपोर्टमधूनच घ्या. कधी कधी तेच आकडे आधी लागतात.

स्लॅबला खालून केमिकल अँकर मारायचा मोह टाळा. उलट्या भोकातून रेझिन खाली ओघळतं आणि बोल्टभोवती अर्धं भोक रिकामं राहतं, पण बाहेरून काहीच दिसत नाही.

गच्चीवर चला. ४,००० किलोचा चिलर म्हणजे ४० किलोन्यूटन. थेट बोल्टने पक्का बसवला असता तर ap १ आणि Rp २.५ धरून बल वजनाच्या ०.२९ पट आलं असतं. स्प्रिंगवर बसवला की ap २.५, Rp २ होतात आणि बल ०.९० पट, म्हणजे ३६ किलोन्यूटन. कंपन खाली पोचू नये म्हणून घातलेल्या स्प्रिंगनी भूकंपाचं बल तिप्पट केलं. नुसती उघडी स्प्रिंग इथे चालतच नाही. चारही बाजूंनी आणि वरूनही अडवणारे स्नबर हवेत, नाहीतर ज्यात ते आतच आहेत असे सिस्मिक माउंट.

स्नबरमधल्या फटीकडे नीट लक्ष द्या. फट ६ एमएमहून जास्त असेल तर कोड बल दुप्पट धरायला लावतं, कारण यंत्र तेवढी धाव घेऊन आदळतं. तुमच्या चिलरचा गुरुत्वमध्य १ मीटर उंच आणि आधारांची रुंदी २.२ मीटर धरतो. भूकंपाचा उभा भाग वजा करून वजनाचा विरोध ३६ किलोन्यूटन-मीटर उरतो. फट बरोबर असेल तर अँकरसाठी दुप्पट केलेलं बल ७२, आणि एका बाजूच्या सगळ्या अँकरना मिळून १६ किलोन्यूटन ओढ. फट १० एमएम राहिली तर बल १४४ आणि तीच ओढ ४९ किलोन्यूटन. तीन-चार मिलिमीटरच्या हलगर्जीपणाने ओढ तिप्पट. म्हणून यंत्र पाण्याने भरल्यावर, स्प्रिंगा पूर्ण दबल्यावर, फीलर गेज घालून प्रत्येक स्नबर मोजायचा. रिकाम्या यंत्रावर मोजलेली फट खोटी असते. वाहतुकीचे लाल बोल्ट तसेच राहिले नाहीत ना, तेही त्याच वेळी बघा. आणि बडोद्याचा मूळ वारा ४४ मीटर प्रतिसेकंद आहे, त्याचाही हिशेब करा, जो मोठा येईल तो धरा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका हॉस्पिटलच्या गच्चीवर मला तपासणीला बोलावलं होतं. चिलरचा ओटा देखणा, अँकर महागातले, रिपोर्ट फाइलला लावलेला. मी ओट्याला कडेने कोअर घ्यायला लावला. २०० एमएम ओटा, त्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर, त्याखाली जवळपास १२० एमएम ब्रिकबॅट कोबा, आणि मग स्लॅब. ओट्यातून स्लॅबमध्ये एकही सळई गेलेली नव्हती. अँकर ओट्याला घट्ट धरून होते आणि ओटा कोब्यावर नुसता ठेवलेला होता. वॉटरप्रूफिंगवाल्याने अखंड थर मागितला, सिव्हिलने त्याला दिला, आणि ओटा नंतर कुणीतरी वर ओतला. कुणी लबाडी केली नव्हती, फक्त तिघांचं ड्रॉइंग एकत्र कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही कोबा चौकोनी कापून काढला, स्लॅबमध्ये सळया बसवल्या, पेडेस्टल पुन्हा ओतले आणि त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग वर वळवून घेतलं. चालू हॉस्पिटलात ते करायला सहा रात्री लागल्या.

तुमचा कोबा अजून पडला नसेल तर उद्याच सिव्हिलवाल्यांना गाठा आणि चिलरच्या पेडेस्टलच्या सळया स्लॅबमधून वर काढून घ्या. पडला असेल तर ओटा ओतण्याआधी तेवढ्या जागेचा उचलायला लावा. इथे सळया बसवायला केमिकल चालेल, भोक वरून असल्यामुळे रेझिन ओघळत नाही. पण मे महिन्यात आपल्या गच्चीचं काँक्रीट हवेपेक्षाही बरंच तापतं, म्हणून रेझिनच्या मान्यतापत्रात तेवढ्या तापमानाची ताकद दिली आहे का बघा, आणि काम पहाटे करा. दुपारी रेझिन सळई पूर्ण आत जाण्याआधीच घट्ट होतं.

खाली सहाव्या मजल्यावर, फॉल्स सीलिंग चढण्याआधी, ब्रेसच्या अँकरपैकी काही निवडून पुल टेस्ट करा. ६ मीटरच्या ब्रेसला डिझाइन ताण ३.६ येतो, मी ५.४ किलोन्यूटनपर्यंत ओढून एक मिनिट धरतो. गेजचा काटा उतरला किंवा वॉशर स्लॅबपासून सुटला, तर त्या फिटरने त्या दिवशी मारलेले सगळे अँकर तपासायचे. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ड्रिलचा बिट झिजलेला, किंवा भोकातली भुकटी फुंकलेली नाही. कुठल्या दिवशी कुणी कुठले मारले हे कळण्यासाठी टॉर्क लावल्यावर नटावर रंगाची रेघ ओढायला सांगा, आणि दर दिवशी रंग बदला.